कॅल्क्युलेटरच्या आड ठेवलेले फोटो

वाचकाचं पत्र

मी ३४ वर्षांची. धायरीला सासू-सासरे, नवरा आणि सात वर्षांच्या मुलाबरोबर राहते. दीड वर्षापूर्वी छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. तेव्हा जखमेचे फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे लागायचे. ते फोटो आणि आम्हा दोघांचे काही खासगी फोटो मी कॅल्क्युलेटरसारख्या दिसणाऱ्या एका अ‍ॅपमध्ये लपवले. आता त्याचा पिन आठवत नाही. गॅलरीला वेगळं अ‍ॅप लॉक आहे, ते बोटाच्या ठशाने उघडतं. नवरा म्हणतो, दोन्ही अ‍ॅप काढून टाक, फोटो आपोआप परत येतील. आणि एवढं लपवायचं तरी काय? कोपऱ्यावरचा मोबाईलवाला म्हणतो, पाचशे रुपयांत रिसेट मारून देतो. शनिवारी हा फोन एक्सचेंजमध्ये जाणार आहे. जुना आणि नवा, दोन्ही सॅमसंगचेच. पिन परत कसा मिळेल? आणि नव्या फोनवर सगळ्यात सुरक्षित अ‍ॅप कोणतं टाकू?

उत्तर

ताई, शनिवारचं एक्सचेंज पुढे ढकला. आणि ते कॅल्क्युलेटर अ‍ॅप तूर्त आहे तसं राहू द्या. अनइन्स्टॉल करायचं नाही, सेटिंगमध्ये जाऊन त्याचा डेटा क्लिअर करायचा नाही, 'फोन स्वच्छ करतो' म्हणणारी क्लीनर अ‍ॅप्स चालवायची नाहीत आणि कोपऱ्यावरच्या दुकानात तर जायचंच नाही. पिन विसरल्याने फोटो गेलेले नाहीत. ते जातात नंतरच्या घाईत, आणि तुम्हाला मिळालेले दोन्ही सल्ले नेमके त्या घाईचे आहेत.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं आहे. तुमच्या फोनमध्ये दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. अ‍ॅप लॉक म्हणजे खोलीच्या दाराला लावलेलं कुलूप. ते काढलं तरी खोलीतलं सामान जागच्या जागी असतं. कॅल्क्युलेटर ही तिजोरी आहे. सामान तिच्या पोटात आहे आणि तिजोरी भंगारात दिली तर सामानही तिच्याबरोबर जातं.

प्रत्यक्षात होतं ते असं. बाहेरून टाकलेलं अ‍ॅप लॉक तुमच्या गॅलरीला हातही लावत नाही. कोणतं अ‍ॅप उघडलं जातंय यावर ते लक्ष ठेवतं आणि गॅलरी उघडली की तिच्यावर स्वतःचा पिनचा पडदा टाकतं. म्हणूनच बसवताना ते दोन परवानग्या मागतं: इतर अ‍ॅप्सचा वापर पाहण्याची आणि इतर अ‍ॅप्सच्या वर दिसण्याची. असं अ‍ॅप काढलं की पडदा जातो, फोटो तिथेच राहतात. उद्या कुणी अ‍ॅप लॉकचा पिन विसरलं तर उपाय सोपा आहे. फोन सेफ मोडमध्ये सुरू करायचा, म्हणजे पॉवर बंद करायच्या बटणावर बोट दाबून धरायचं आणि सेफ मोडचा पर्याय आला की तो निवडायचा. त्या अवस्थेत बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स चालत नाहीत, त्यामुळे अ‍ॅप लॉक निमूटपणे काढून टाकता येतं. आधी फक्त एक खात्री करा. काही अ‍ॅप लॉकच्या आतच 'व्हॉल्ट' नावाचा कप्पा असतो. तुमचं अ‍ॅप लॉक ठशाने उघडतंय, तर आत जाऊन तसा कप्पा आहे का आणि त्यात काही ठेवलंय का ते बघून घ्या.

कॅल्क्युलेटरचं काम वेगळं. ते फोटो मूळ जागेवरून उचलतं आणि स्वतःच्या फोल्डरमध्ये नेऊन ठेवतं. अँड्रॉइडचा नियम असा की अ‍ॅप गेलं की त्याच्या मालकीचं फोल्डरही पुसलं जातं. 'आपोआप परत येतील' हे म्हणूनच चालत नाही. काही अ‍ॅप्स फाइल्स बाहेरच्या एखाद्या लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि त्या मागे उरतात हे खरं, पण तुमचं अ‍ॅप त्यातलं आहे का, हे ते काढून बघायचं नसतं.

दुकानदाराच्या रिसेटचं थोडक्यात सांगते. अँड्रॉइड १० पासूनच्या फोनमधली माहिती एन्क्रिप्ट केलेली असते, आणि फॅक्टरी रिसेट झाला की ती उलगडणारी किल्लीच नष्ट होते. त्यानंतर 'डिलीट झालेले फोटो परत आणा' म्हणणारं कोणतंही सॉफ्टवेअर काही आणत नाही. पाचशे रुपये घेऊन तो पिनचा प्रश्न सोडवेल, कारण उघडण्यासारखं काही उरणारच नाही.

आता पिनकडे येऊ. घाई न करता, एका निवांत संध्याकाळी बसा.

आधी हे बघा, की तुम्ही खरंच पिन विसरला आहात का. ऐकायला विचित्र वाटेल, पण या कॅल्क्युलेटर अ‍ॅप्समध्ये आकडे टाकल्यावर बरोबरचं चिन्ह दाबावं लागतं, काहींमध्ये ते दाबून धरावं लागतं. दीड वर्षात विसरलं जातं ते बहुधा हेच. तुमच्या डोक्यात जे दोन-तीन आकडे घोळत असतील ते या पद्धतीने टाकून बघा. आणि एखाद्या पिनने अ‍ॅप उघडलं पण आत काहीच दिसलं नाही, तरी घाबरू नका. यातल्या काही अ‍ॅप्समध्ये खोटा पिन ठेवायची सोय असते. तो टाकला की रिकामी तिजोरी उघडते आणि खरी मागेच राहते. चुकीचे पिन टाकताना काही अ‍ॅप्स गुपचूप समोरच्या कॅमेऱ्यातून फोटो काढतात, 'चोर' पकडायला. आतले फोटो मिळतील तेव्हा तुमच्याच वैतागलेल्या चेहऱ्याचे दहा-बारा फोटो सापडले तर दचकू नका.

नुसते पिन टाकत बसण्यापेक्षा ठसा आधी करून बघा. बसवताना तुम्ही ठशाचा पर्याय चालू केला असेल, तर बोट लावून अ‍ॅप उघडेल. उघडलं तर पिन बदलायच्या मागे लागू नका, कारण नवा पिन घ्यायला ते बहुतेक जुना मागेल. थेट सगळे फोटो निवडा आणि ते बाहेर काढायचा पर्याय वापरा. त्याला कुठे Unhide म्हणतात, कुठे Restore, कुठे Export.

ठसा नसेल तर 'पासवर्ड विसरलात?' शोधा. तो बऱ्याचदा पडद्यावर सरळ दिसत नाही, चुकीचा पिन दोन-तीनदा टाकल्यावर येतो. पुढे दोनपैकी एक गोष्ट घडेल. ते ईमेलवर कोड पाठवेल किंवा तुम्ही ठरवलेला सुरक्षा प्रश्न विचारेल.

ईमेल कोणता दिला होता ते आठवत नसेल, तर तुमच्या प्रत्येक जीमेलमध्ये त्या अ‍ॅपच्या नावाने शोधा, स्पॅम आणि प्रमोशन्सचे कप्पे धरून. अडचण अशी की अ‍ॅपचं खरं नाव 'कॅल्क्युलेटर' नसतं. सेटिंगमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत दोन कॅल्क्युलेटर दिसतील. त्यातलं फोनबरोबर न आलेलं निवडा आणि तळाशी स्टोअरमधला तपशील दाखवणारा दुवा दाबा. प्ले स्टोअरच्या पानावर पूर्ण नाव मिळेल, आणि त्याच पानावर अ‍ॅप सपोर्टच्या भागात ते बनवणाऱ्यांचा ईमेल पत्ताही. बाकी सगळं थकलं तर त्यांना लिहा. त्यांना तुमच्या फोनचं मॉडेल आणि अ‍ॅपची आवृत्ती सांगायची. गूगलचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी मागितला तर तिथेच थांबायचं.

सुरक्षा प्रश्नावर बहुतेक जण अडकतात, आणि उत्तर माहीत असूनही अडकतात. 'जन्मगाव' विचारलं आणि उत्तर पुणे आहे, पण दीड वर्षापूर्वी ते देवनागरीत लिहिलं होतं, की Pune, की pune? मशीनला ही तीन वेगळी उत्तरं वाटू शकतात. आणखी एक खोच आहे. कीबोर्डने सुचवलेला शब्द आपण बोटाने निवडतो तेव्हा त्याच्यापुढे एक मोकळी जागा आपोआप पडते. ती जागा तेव्हा उत्तरात गेली असेल तर आज बरोबर उत्तरही चुकीचं ठरेल. म्हणून प्रत्येक रूप दोनदा टाकून बघा: एकदा शेवटी जागा सोडून, एकदा न सोडता.

हे करत असतानाच दुसऱ्या बाजूने शोध सुरू ठेवा, कारण तुम्हाला पिन हवाय तो फोटोंसाठी, आणि फोटोंच्या प्रती इतरत्र असण्याची शक्यता बरीच आहे. जखमेचे फोटो तुम्ही डॉक्टरांना पाठवले होते. त्या चॅटमध्ये ते अजून दिसत असतील. चॅट पुसलं असलं तरी पाठवलेल्या फोटोंची प्रत फोनमध्ये इथे असू शकते:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

हे फोल्डर गॅलरीत दिसत नाही, म्हणून ते आहे हेच कित्येकांना ठाऊक नसतं. सॅमसंगच्या माय फाइल्समधून तिथे पोहोचता येतं. प्रत थोडी कमी दर्जाची असते, कारण व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना फोटो लहान करतं, पण डॉक्टरांना चालली होती तर दवाखान्याच्या फाइलला लावायलाही चालेल. मग photos.google.com उघडून ऑपरेशनच्या महिन्यावर जा. फोटो लपवण्याआधी एका रात्री जरी बॅकअप झाला असेल तरी तिथे प्रत राहिलेली असू शकते. तिथल्या कचरापेटीत मात्र वेळ घालवू नका. बॅकअप झालेले फोटो पुसल्यावर तिथे ६० दिवस राहतात, न झालेले ३० दिवस. आणि तुम्हा दोघांच्या फोटोंची प्रत यजमानांच्याच फोनमध्ये असेल का, हे विचारायला हरकत नाही. 'लपवायचं तरी काय' असं विचारणाऱ्याकडे ती उघडी पडलेली सापडली, तर पुढचं बोलणं सोपं होईल.

शेवटचा प्रयत्न थोडा तांत्रिक आहे, पण जमण्यासारखा. माय फाइल्सच्या सेटिंगमध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवायचा पर्याय चालू करा आणि नावाची सुरुवात टिंबाने होणारी फोल्डर्स शोधा. अँड्रॉइडवर अशी फोल्डर्स एरवी दिसत नाहीत, आणि साध्या प्रतीची व्हॉल्ट अ‍ॅप्स एवढ्याच युक्तीवर चालतात. ज्या महिन्यात फोटो लपवले त्या तारखांच्या, प्रत्येकी दोन-चार एमबीच्या, विचित्र नावांच्या फाइल्स सापडल्या तर त्यातली एक कॉपी करून दुसरीकडे ठेवा. मूळ फाइलला धक्का लावू नका. कॉपीच्या नावाला शेवटी .jpg जोडा आणि उघडा. फोटो दिसला तर बाकीच्यांच्याही अशाच प्रती करून घ्या. नाही दिसला, तर फाइल बहुधा खरोखर एन्क्रिप्ट केलेली आहे आणि हा मार्ग इथे संपला.

फोटो अशा रीतीने मिळाले तर आनंद होईलच, पण त्याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. तुम्ही पिनशिवाय जे उघडू शकलात ते दुसराही कुणी उघडू शकला असता. दीड वर्ष ज्याला तुम्ही तिजोरी समजत होता तो नुसता आडोसा होता. याउलट जी तिजोरी खरी पक्की आहे तिचा पिन गेला, तर बनवणाऱ्यालाही ती उघडता येत नाही. 'सगळ्यात सुरक्षित आणि विसरले तरी हमखास उघडणारं' अ‍ॅप तुम्हाला कुणी सुचवलं, तर तो दोन्हीपैकी एक गोष्ट लपवतोय.

आता दुसऱ्या प्रश्नाआधी माझा एक प्रश्न. हे फोटो नेमके कुणापासून जपायचे आहेत? तुमच्या पत्रात माणसं बरीच आहेत, पण त्या प्रत्येकाचा फोनशी संबंध वेगळा आहे. मुलगा गेम खेळायला फोन घेतो, त्याला काही शोधायचं नसतं, चुकून दिसायला नको एवढंच. सासूबाई कुणाच्या लग्नाचे फोटो बघताना बोट सरकवत पुढे जातील. दुकानदार फोन दोन तास मागच्या टेबलावर ठेवेल. आणि फोन हरवला, तर बसमध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूस. एकाच अ‍ॅपने या सगळ्यांना अडवायला गेलात म्हणून इतकं अवघड झालं.

यजमानांच्या प्रश्नाबद्दल मला एवढंच वाटतं, की त्यात एक गृहीत आहे आणि ते तुम्हीही थोडंसं मान्य केलंय: कुलूप लावलं म्हणजे घरच्यांवर विश्वास नाही. बाथरूमची कडी लावताना तुम्हाला असं वाटत नाही. टाके घातलेल्या छातीचा फोटो सात वर्षांच्या मुलाला दिसू नये, यात त्याच्यावरच्या अविश्वासाचा प्रश्न येतोच कुठे? हवं तर नवा पिन दोघांना माहीत असू द्या. नको असेल तर तेही स्वच्छ सांगा. जखमेचे फोटो तुमच्या शरीराचे आहेत, दोघांचे फोटो दोघांचे. त्यांचे नियम एकच असायला हवेत असं नाही.

नव्या फोनवर बाहेरचं कोणतंही व्हॉल्ट अ‍ॅप टाकू नका. फोनमध्ये आधीपासून जे असतं ते त्याहून चांगलं आहे. पण त्यातही निवड आहे, आणि ती तुमच्या घराकडे बघून करायची.

गूगल फोटोजमध्ये २०२१ पासून लॉक केलेलं फोल्डर मिळतं. त्यात टाकलेले फोटो शोधात, आठवणींत, अल्बममध्ये कुठेच दिसत नाहीत, दिवाणखान्यातल्या टीव्हीवर अचानक झळकत नाहीत, आणि इतर अ‍ॅप्सनाही सापडत नाहीत. पण त्याचं कुलूप म्हणजे फोनचंच कुलूप. फोनचा पॅटर्न ज्याला माहीत आहे किंवा ज्याचं बोट फोनमध्ये नोंदलेलं आहे, त्याला ते उघडतं. मुलाला तुमचा पॅटर्न पाठ असेल, आणि या वयात असतोच, तर तुमच्यासाठी ते कुलूप नाही. जी व्यक्ती एकटी फोन वापरते तिच्यासाठी मात्र हा पर्याय उत्तम, कारण वेगळा पिनच नाही तर विसरणार काय? अशांनी फक्त बॅकअप बघावा. या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. तो बंद असताना फोन रिसेट झाला, हरवला किंवा गूगल फोटोज अनइन्स्टॉल केलं, तर आतले फोटो गेले. आधी गूगलवर चढलेला फोटो बॅकअप बंद असलेल्या लॉक फोल्डरमध्ये हलवला, की त्याची गूगलवरची प्रतही काढली जाते. लोक इथे फसतात. त्यांना वाटतं, गूगलवर तर आहेच.

तुमच्यासाठी सॅमसंगचं सिक्युअर फोल्डर योग्य आहे. स्वस्तातल्या काही मॉडेल्समध्ये ते नसतं, म्हणून नवा फोन घेण्याआधी दुकानात सेटिंगमधल्या सुरक्षेच्या भागात ते दिसतंय का हे बघून घ्या. त्याचा पिन फोनच्या पिनहून वेगळा ठेवता येतो आणि त्यात स्वतंत्र गॅलरी, स्वतंत्र कॅमेरा असतो. जखमेचा फोटो काढायचाच झाला तर थेट आतल्या कॅमेऱ्याने काढा, म्हणजे तो बाहेर कधी आलाच नाही. घरातल्या इतरांची बोटं फोनमध्ये नोंदलेली असतील तर या फोल्डरला ठशाचा पर्याय देऊ नका.

बसवतानाच एक पर्याय येतो, Reset with Samsung account. तो चालू करा. पिन विसरलात तर सॅमसंग खात्याने लॉग-इन करून नवा पिन ठेवता येतो आणि आतलं सगळं शाबूत राहतं. तो बंद ठेवलात आणि पिन गेला, तर आतलं परत मिळवायचा मार्ग नाही. अर्थात तुमची गाडी आता सॅमसंग खात्याच्या पासवर्डवर येऊन थांबते. म्हणून त्या खात्यात आजचा चालू मोबाईल नंबर आणि आजचा ईमेल आहे ना, ते त्याच दिवशी तपासा. कित्येकांचं हे खाते दुकानदाराने फोन घेताना स्वतःच्याच एखाद्या ईमेलवर उघडून दिलेलं असतं.

पिन विसरला जातो त्याचं मुख्य कारण ठसा आहे. रोज बोटाने उघडणारं कुलूप, त्याचा आकडा वर्षभर मनातसुद्धा येत नाही. पहिले पंधरा दिवस पिननेच उघडा. मग तो कागदावर लिहून पाकिटात बंद करा आणि पाकीट लॉकरमध्ये किंवा माहेरी ठेवा. कागदावर फक्त आकडे असू द्या, कशाचे ते नको. त्याच फोनच्या नोट्समध्ये पिन लिहून ठेवणारे मला पत्रं पाठवत असतात. फोनच बंद पडला की तेही त्याच्याबरोबर बंद.

बाकी फोनवाल्यांसाठी थोडक्यात. शाओमी, रियलमी, ओप्पो, विवो, वनप्लस यांच्या सेटिंगमध्ये त्यांचं स्वतःचं अ‍ॅप लॉक असतं. ते सेफ मोडने सुटत नाही, म्हणून बाहेरच्यापेक्षा भक्कम. बसवताना कंपनीचं खातं, ईमेल किंवा सुरक्षा प्रश्न मागितला तर 'नंतर' दाबून पुढे जाऊ नका, कारण पिन विसरल्यावर तेच दार उघडं असतं. आयफोनवर आयओएस १६ पासून हिडन अल्बमला कुलूप आहे आणि २०२४ च्या आयओएस १८ पासून बहुतेक अ‍ॅप्स आयकॉन दाबून धरून लॉक करता येतात. तिथे वेगळा पिन नाही, फोनचाच चेहरा, ठसा किंवा पासकोड चालतो. तोच विसरला तर फोन पुसावा लागतो. आयक्लाउडवर फोटो चालू असतील तर लपवलेलेही त्यातून परत येतात.

गॅलरीला लॉक लावून तुम्ही निश्चिंत होतात, पण गॅलरी म्हणजे फोटो नव्हेत. फोटो फोनच्या साठवणीत पडलेले असतात, गॅलरी ते दाखवणारं एक अ‍ॅप आहे. मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो जोडायचं बटण दाबलं, की तेच फोटो पिन न विचारता समोर येतील. गूगल फोटोज आणि माय फाइल्समध्येही तेच. करून बघा. त्यामुळे अ‍ॅप लॉक खासगी फोटोंसाठी वापरू नका. ते बँकेच्या, ईमेलच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या दाराला लावा. व्हॉट्सअ‍ॅपला तर स्वतःचंच अ‍ॅप लॉक आहे, आणि डॉक्टरांबरोबरचं एकच चॅट झाकायचं असेल तर २०२३ पासून चॅट लॉकही आहे. ते फोनच्या ठशाने उघडतं. त्याला वेगळा गुप्त कोड मात्र विचार करून लावा: तो विसरलात तर सुटकेसाठी लॉक केलेली चॅट्स पुसून टाकायचा पर्याय तेवढा उरतो.

मुलासाठी या सगळ्याची गरजच नाही. सॅमसंगच्या सुरक्षा सेटिंगमध्ये 'पिन ॲप' नावाची सोय आहे, इतर अँड्रॉइडवरही ती मिळते. गेम या सोयीने पडद्यावर खिळवून फोन हातात द्या आणि बाहेर पडताना पिन विचारायचा पर्याय चालू ठेवा. तो दुसऱ्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये जाऊ शकणार नाही. तुमचा पॅटर्न त्याला ठाऊक असेल तर आधी तो बदलावा लागेल, आणि घरात थोडा आरडाओरडा होईल. दुरुस्तीला फोन देताना सॅमसंगच्या डिव्हाइस केअरमधला मेंटेनन्स मोड चालू करा. दुकानदाराला फोन चालू-बंद करून तपासता येतो, पण तुमचे फोटो, मेसेज, खाती दिसत नाहीत.

जुन्या फोनचं काय? फोटो बाहेर आले, तर आधी ते गॅलरीत खरोखर उघडतायत का ते एकेक करून बघा. बाहेर काढलेल्यांची संख्या आतल्या संख्येशी जुळवा, ते नव्या फोनच्या सिक्युअर फोल्डरमध्ये पोहोचवा आणि मगच कॅल्क्युलेटर काढा. नंतर मेमरी कार्ड असेल तर काढून घ्या, गूगल आणि सॅमसंग दोन्ही खाती फोनमधून काढा आणि फॅक्टरी रिसेट स्वतः करा. ज्या रिसेटने तुमचे फोटो कायमचे गेले असते, तोच आता पुढच्या मालकापासून तुम्हाला वाचवतो.

फोटो नाहीच मिळाले तर फोन एक्सचेंजमध्ये देऊ नका. अ‍ॅप बनवणाऱ्यांचं उत्तर यायला वेळ लागतो, आणि पिन कधीकधी महिन्याभराने, भाजी निवडताना आठवतो. एक्सचेंजचे दोन-तीन हजार कमी पडले तर यजमानांना सांगा, तुम्हा दोघांचे फोटोही त्यात आहेत. फोन बंद करून ठेवून देणार असाल तर अधूनमधून चार्ज करा, नाहीतर बॅटरी खराब होईल.